वाढीचा वेग निम्म्यावर का शिगेला पोचतो?

१९१३ साली टोर कार्लसन या संशोधकाने बिअरसाठी तयार करतात तशा बार्लीच्या गोड काढ्यात थोडे यीस्ट सोडले आणि दर तासाला ते किती झाले याची मोजणी केली. सुरुवातीला यीस्ट ९.६ एकक होते. अठरा तासांनी ते ६६१.८ एककांवर पोचले. मधल्या सतरा नोंदीही त्याने टिपून ठेवल्या. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे हे १९ आकडे आजही जगभरच्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत भेटतात, कारण वाढ म्हणजे काय हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी आकडेवारी फार थोडी आहे.

हे आकडे वाचताना यीस्ट एकूण किती झाले याकडे न पाहता प्रत्येक तासात किती भर पडली तेवढेच पाहावे. पहिल्या तासात भर पडली ८.७ एककांची. चौथ्या तासात २३.९, पाचव्यात ४८, सातव्यात ८२.७. आठव्या तासात ९३.४. नवव्यात ९०.३, म्हणजे किंचित कमी. मग दहाव्यात ७२.३, अकराव्यात ४६.४, आणि असे करत करत अठराव्या तासात फक्त २.२. भर वाढत गेली, आठव्या तासात कळसाला पोचली आणि तिथून उतरली. शेवटच्या काही नोंदी पाहिल्या तर यीस्ट साधारण ६६५ एककांच्या आसपास थांबणार हे दिसते. ६६५ चे निम्मे ३३२.५. आठव्या तासाच्या सुरुवातीला यीस्ट २५७.३ होते आणि अखेरीस ३५०.७. म्हणजे ज्या तासात सर्वांत जास्त भर पडली, त्याच तासात यीस्टने निम्म्याची रेषा ओलांडली.

हा योगायोग नाही. वाढीच्या एका साध्या समीकरणातून तो निघतो, आणि बारावीच्या गणितातले अवकलन ज्यांना थोडेफार आठवते त्यांना तो चार ओळींत सिद्ध करता येतो.

समीकरण बेल्जियमच्या पिएर-फ्रान्स्वा व्हेर्युल्स्ट या गणितज्ञाचे आहे. त्याने ते १८३८ मध्ये मांडले आणि पुढे १८४५ मध्ये त्याच्या वक्राला ‘लॉजिस्टिक’ हे नाव दिले. त्याला प्रश्न पडला होता माणसांच्या लोकसंख्येचा. लोकसंख्या दुपटी-दुपटीने वाढते हे माल्थसने सांगितले होते, पण ती तशी कायम वाढू शकत नाही हे उघड होते. मग तिला आवर कसा बसतो? व्हेर्युल्स्टने सर्वांत सोपा पर्याय घेतला: संख्या जसजशी वाढते तसतसा प्रत्येकाच्या वाट्याचा वाढीचा दर सरळ रेषेत घटत जातो आणि एका ठरावीक संख्येला तो शून्य होतो. त्या संख्येला आज धारणक्षमता म्हणतात. जागा, अन्न, पाणी हे सगळे जेवढ्यांना पुरते तेवढी ती संख्या.

संख्येला N, धारणक्षमतेला K आणि सुरुवातीच्या, मोकळ्या वातावरणातल्या वाढीच्या दराला r म्हटले, तर समीकरण असे होते:

dN/dt = rN(1 − N/K)

डावीकडे वाढीचा वेग आहे, म्हणजे दर तासाला पडणारी भर. उजवीकडे दोन गोष्टींचा गुणाकार आहे. rN हा आहे पैदास करणाऱ्यांचा जोर: जितके यीस्ट जास्त, तितक्या नव्या पेशी जास्त. कंसातला भाग म्हणजे उरलेली मोकळीक: धारणक्षमतेचा किती हिस्सा अजून रिकामा आहे ते. पहिला घटक N बरोबर वाढतो, दुसरा N बरोबर घटतो. सुरुवातीला मोकळीक भरपूर असते, पण पैदास करणारेच मूठभर. शेवटी पैदास करणारे भरपूर, पण मोकळीक संपलेली. दोन्ही टोकांना गुणाकार लहान राहतो. तो सर्वांत मोठा होणार कुठेतरी मध्ये. प्रश्न एवढाच की नेमका कुठे.

इथे एक गल्लत नेहमी होते. प्रत्येक पेशीमागे वाढीचा दर मध्यावर नव्हे, तर अगदी आरंभी सर्वांत जास्त असतो आणि नंतर तो सतत उतरतच जातो. कार्लसनच्या पहिल्या तासात ९.६ एकक यीस्टने ८.७ एककांची भर घातली, म्हणजे जवळजवळ ९१ टक्के. आठव्या तासात, एकूण भर कळसाला असताना, हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले होते. शेवटच्या तासात अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे ज्या घटकेला एकूण वाढ सर्वांत वेगवान दिसते, त्या घटकेला प्रत्येक पेशी आधीच मंदावलेली असते. भर मोठी दिसते ती पेशी खूप झाल्यामुळे.

आता सिद्धता. कंस सोडवला की वेग असा दिसतो: rN − rN²/K. या वेगाला G म्हणू. G कुठे कमाल होतो हे शोधायचे, तर G चे N च्या सापेक्ष अवकलन करायचे, म्हणजे N किंचित वाढवल्यावर G किती बदलतो ते काढायचे. rN चे अवकलन r, आणि rN²/K चे 2rN/K. म्हणून

dG/dN = r − 2rN/K

N लहान असताना ही राशी धन असते, म्हणजे संख्येबरोबर वेगही वाढतो. N मोठा झाला की ती ऋण होते. कळस असतो तो ती शून्य होते तिथे:

r − 2rN/K = 0, म्हणून N = K/2

हा बिंदू कळसाचाच, तळाचा नव्हे, याची खात्री पुन्हा एकदा अवकलन करून होते. दुसरा अवकलज येतो −2r/K. R आणि K दोन्ही धन असल्यामुळे तो नेहमी ऋण, आणि ऋण म्हणजे वक्र वरून खाली वळणारा. उत्तरात r उरलेला नाही हे लक्षात घेण्याजोगे आहे. यीस्ट असो की मासे, भरभर वाढणारा जीव असो की संथ, हे समीकरण लागू असेल तर कळस निम्म्यावरच. r ठरवतो तो कळसाची उंची. N च्या जागी K/2 घातले की कमाल वेग rK/4 मिळतो. कार्लसनच्या आकड्यांवर बसवलेल्या वक्रात r साधारण ०.५३५ येतो. त्याला ६६५ ने गुणून चाराने भागले की ८९ मिळतात. प्रत्यक्षात आठव्या आणि नवव्या तासात भर पडली होती ९३.४ आणि ९०.३ एककांची.

ज्यांना अवकलन नकोसे वाटते त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. r आणि K बाजूला ठेवले तर गुणाकार राहतो N आणि K − N यांचा. या दोन संख्यांची बेरीज नेहमी K असते. ठरावीक लांबीच्या दोरीने आयत आखायचा असेल तर सर्वांत जास्त जमीन चौरसात मावते, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असताना. इथेही तेच: भरलेला भाग आणि रिकामा भाग सारखे झाले की गुणाकार सर्वांत मोठा.

काळाच्या अंगाने पाहिले तर हीच गोष्ट आलेखात डोळ्यांना दिसते. यीस्टची संख्या काळाबरोबर मांडली की तिरका S तयार होतो. वेगाचे काळाच्या सापेक्ष अवकलन केले की (r − 2rN/K) ला dN/dt ने गुणलेली राशी मिळते. शून्य आणि K यांच्या दरम्यान dN/dt कधीच शून्य होत नाही, त्यामुळे चिन्ह ठरते ते कंसावर, आणि कंस पालटतो K/2 ला. तिथपर्यंत वक्र वर उचलला जात असतो, तिथून तो आडवा व्हायला लागतो. मात्र निम्मी संख्या म्हणजे निम्मा वेळ नव्हे. सुरुवात किती थोड्यापासून झाली त्यावर तो क्षण अवलंबून असतो. कार्लसनच्या वक्रात तो ७.९ तासांच्या सुमारास येतो. त्याने दुप्पट यीस्ट सोडले असते तर तो सव्वा तासाहून थोडा आणखी आधी आला असता.

यात एक अडचण दडलेली आहे. कळस ओलांडल्याखेरीज तो होता हे कळत नाही. कार्लसनने सहा तासांनी मोजणी थांबवली असती तर त्याच्या हाती ९.६ पासून १७४.६ पर्यंतचे आकडे असते, आणि ते पाहून यीस्ट ५०० वर थांबेल की ५,००० वर, हे सांगणे फार कठीण गेले असते. चढत्या भागातले सगळे S-वक्र एकमेकांसारखे दिसतात. धारणक्षमतेची खूण पटते ती भर कमी व्हायला लागल्यावर.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रेमंड पर्ल या जीवशास्त्रज्ञाला याचा अनुभव आला. कार्लसनचे आकडे जगापुढे आणले ते त्यानेच. लॉजिस्टिक वक्र हा वाढीचा सार्वत्रिक नियम आहे असे त्याला मनापासून वाटत होते. १९२० मध्ये त्याने आणि लोवेल रीड याने अमेरिकेच्या जनगणनांवर हा वक्र बसवला. उत्तर आले की अमेरिकेची लोकसंख्या १९१४ मध्ये निम्म्याची रेषा ओलांडून गेली आहे आणि ती शेवटी १९.७ कोटींवर स्थिरावेल. पुढची दोन-तीन दशके आकडे वक्राला धरून राहिलेही. मग दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मदर उसळला. १९७० च्या जनगणनेत लोकसंख्या २० कोटींच्या वर गेली आणि २०२० मध्ये ती ३३ कोटींहून अधिक भरली. यीस्टच्या काढ्यातली साखर ठरलेली असते. देशात शेती बदलते, औषधे येतात, बाहेरून माणसे येतात, आणि त्याबरोबर K च सरकतो.

यीस्टचा K सुद्धा दिसतो तितका सरळ नाही. मॉस्कोतल्या गाउजे या संशोधकाने १९३४ च्या पुस्तकात दाखवले की बंद भांड्यात यीस्टची वाढ थांबते तेव्हा साखर बरीचशी शिल्लक असू शकते. थांबवते ते यीस्टनेच तयार केलेले अल्कोहोल. म्हणजे धारणक्षमता अन्नाने ठरते तशी स्वतःच्या उत्सर्जनानेही ठरते.

निम्म्यावरच्या कळसाचा सर्वांत मोठा वापर झाला तो मासेमारीत. विचार आकर्षक होता. समुद्रात माशांचा साठा धारणक्षमतेइतका असेल तर निव्वळ वाढ शून्य. साठा फार कमी केला तरी वाढ थोडी. मग तो निम्म्यावर आणून ठेवावा, आणि दरवर्षी जेवढी भर पडते तेवढीच उचलावी: rK/4. साठा तसाच राहील आणि पकड सर्वांत जास्त मिळेल. मिल्नर शेफर या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये या कल्पनेला गणिती रूप दिले आणि ट्यूना माशांवर ती वापरली. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याच्या करारातही ‘शाश्वत कमाल उत्पादन’ हे उद्दिष्ट म्हणून आले आहे.

यातला धोका समजून घ्यायला पुन्हा यीस्टकडेच यावे. समजा, काढा सतत ताजा पुरवला जातो आहे, K कायम ६६५ आहे, आणि आपण दर तासाला ठरावीक यीस्ट काढून घेतो. आधी माफक उपसा करू: तासाला ६७ एकक. वाढीचा वेगही ६७ च्या आसपास असतो अशा दोन जागा आहेत, साधारण १६६ आणि ४९९. यीस्ट ४९९ वर असताना काही कारणाने ४५० वर घसरले, तर तिथे वाढ उपशाहून जास्त आहे, म्हणून ते आपोआप परत वर येते. ही जागा सुरक्षित. १६६ वर उलटे घडते. यीस्ट १५० वर घसरले तर वाढ ६२ आणि उपसा ६७. घसरण चालूच राहते आणि भांडे रिकामे होते.

आता हाव वाढवून उपसा पुरता ८९ करू. दोन्ही जागा एकमेकींत मिसळतात आणि ३३२ ची एकच जागा उरते. वरून आले तर ती धरून ठेवते, खाली गेले तर सोडून देते. यीस्ट ३०० वर आले की वाढ होते ८८. उपसा ८९. तूट तासाला जेमतेम एका एककाची, मोजणीतल्या चुकीहून लहान. २५० वर आले की वाढ ८३.५, तूट साडेपाच. २०० वर वाढ ७५, तूट चौदा. कळसापाशी अवकलज शून्य असतो, म्हणजे माथा सपाट असतो. माथ्यावरून घसरायला सुरुवात झाली तरी सुरुवातीला जवळजवळ काहीच जाणवत नाही, आणि जाणवायला लागते तेव्हा घसरणीने वेग घेतलेला असतो. कमाल शोधताना जो शून्य आपल्या कामी आला, तोच इथे इशारा दाबून टाकतो.

उपसा ठरावीक आकड्याने न करता ठरावीक हिश्शाने केला, म्हणजे असेल त्याच्या सत्तावीसेक टक्के दर तासाला, तर गणित सौम्य होते. साठा घटला की उपसाही आपोआप घटतो आणि साठ्याला सावरायला वाव मिळतो. पण समुद्रात साठा किती हे दरवर्षी ठाऊक असावे लागते, आणि होड्या, कारखाने, कर्जे या सगळ्यांना मात्र ठरावीक आकडाच हवा असतो.

पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्हेटा नावाचा बोटभर लांबीचा मासा मिळतो. त्याची भुकटी करून कोंबड्यांना आणि डुकरांना घालतात. १९६० च्या दशकात ही जगातली सर्वांत मोठी मासेमारी झाली. तज्ज्ञांनी वर्षाला साधारण ९५ लाख ते १ कोटी टनांची मर्यादा सांगितली होती. १९७० मध्ये पकड १.२ कोटी टनांच्या वर गेली. १९७२ मध्ये एल निन्योने किनाऱ्यालगतचे पाणी तापवले. थंड, पोषक पाणी वर येणे मंदावले, नवी पिल्ले फारशी जगली नाहीत आणि उरलेले मासे किनाऱ्याजवळच्या थंड पट्ट्यांत दाटीने गोळा झाल्यामुळे जाळ्यांना सहज सापडले. १९७३ मध्ये पेरूची पकड २० लाख टनांच्याही खाली आली. समीकरणात r आणि K हे स्थिर आकडे असतात. पेरूच्या समुद्रात त्या वर्षी दोन्ही कोसळले, आणि आधीच माथ्याच्या पलीकडे नेलेल्या साठ्याला ते सोसण्याइतकी उसंत नव्हती. कॅनडाच्या पीटर लार्किन याने १९७७ मध्ये कमाल उत्पादनाच्या या कल्पनेचा मृत्युलेख लिहिला, आणि शीर्षकातही तोच शब्द वापरला.

शेवटचा मुद्दा ‘निम्म्या’चाच आहे. निम्मे आले ते व्हेर्युल्स्टने दर सरळ रेषेत घटतो असे मानले म्हणून. सगळे जीव तसे वागत नाहीत. मोठे, दीर्घायुषी सस्तन प्राणी बराच काळ गर्दी मनावर घेत नाहीत. जागा भरत आली की मगच त्यांची पैदास ठळकपणे कमी होते. असा प्राणी समीकरणात बसवायचा तर कंसात N/K च्या जागी त्याचा वर्ग घालून पाहता येतो. मग वेग होतो rN − rN³/K², त्याचे अवकलन r − 3rN²/K², आणि ते शून्य केले की N येतो K ला तीनच्या वर्गमुळाने भागून, म्हणजे धारणक्षमतेच्या ५८ टक्क्यांवर. अवकलनाची रीत तीच राहते, कळस मात्र उजवीकडे सरकतो.

आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने हा फरक प्रत्यक्ष नियमात आणला. १९७५ मध्ये स्वीकारलेल्या पद्धतीत व्हेलच्या वाढीचा कळस निम्म्यावर न धरता ६० टक्क्यांवर धरला गेला, आणि जो साठा त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाली असेल, म्हणजे मूळ संख्येच्या ५४ टक्क्यांखाली, त्याची शिकार पूर्ण बंद. कागदावर नियम चोख होता. तो वापरायचा तर शिकारीपूर्वी समुद्रात किती व्हेल होते हा K हवा, आणि ते कुणीच मोजलेले नव्हते. जुन्या शिकारनोंदींवरून मागे जात अंदाज बांधावे लागत, आणि तेच वादात अडकत. १९८२ मध्ये आयोगाने व्यापारी शिकार सरसकट थांबवण्याचा निर्णय घेतला. १९८६ पासून तो लागू झाला.